चूक ऐकल्यावर बाईंनी काय म्हणावे?

आमच्या सोलापुरात पूर्वभागातल्या शाळांमध्ये घरी तेलुगू बोलणारी मुले मराठी माध्यमात शिकतात, आणि त्यांच्या बोलण्यात लिंगाची चूक हटकून येते. तेलुगूत निर्जीव वस्तू सरसकट नपुंसकलिंगी असतात आणि विशेषणाचे रूप नामाप्रमाणे बदलत नाही. त्यामुळे ‘खुर्ची मोडलं’ हे मुलाच्या कानाला मुळीच खटकत नाही. अशा वेळी शिक्षकाने काय करावे, यावर आमच्या स्टाफरूममध्ये नेहमी दोन तट पडतात. एक म्हणतो, मुलाला टोकू नका, आपण बरोबर वाक्य बोलत राहा. दुसरा म्हणतो, चूक तिथल्या तिथे सांगा. माझ्या मते प्रश्न सौम्य की कडक हा नसून, बरोबर रूप मुलाजवळ आधीपासून आहे की नाही, हा आहे.

तिसरीतली एक मुलगी गड्ड्याच्या जत्रेचे सांगत होती. “बाई, पाळणा लई मोठं होतं.” बाई कौतुकाने म्हणाल्या, “अरे वा, पाळणा मोठा होता का?” मुलगी म्हणाली, “हो बाई, लई मोठं होतं!” बाईंनी चूक दुरुस्त केली होती, पण मुलीला तो जत्रेबद्दलचा प्रश्न वाटला आणि तिने त्याचे उत्तर दिले. बोलण्याच्या ओघात बरोबर रूप परत म्हणून दाखवण्याच्या या पद्धतीला रिकास्ट म्हणतात. रॉय लिस्टर आणि लैला रांटा यांनी 1997 साली कॅनडातील फ्रेंच माध्यमाच्या वर्गांविषयी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिक्षकांच्या निम्म्याहून अधिक दुरुस्त्या रिकास्टच होत्या, मात्र त्यानंतर मुलांनी स्वतःचे वाक्य सुधारल्याचे प्रमाण पाचांत एकापेक्षाही कमी होते. बरोबर रूप मुलाकडूनच काढून घेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा ते निम्म्याच्या जवळपास गेले. अर्थात, वर्गात लगेच सुधारलेले वाक्य म्हणजे शिकणे नव्हे, हे त्या आकड्यांबाबत ध्यानात ठेवलेच पाहिजे.

बाईंनी मग वाक्य अर्ध्यावर सोडले, “पाळणा कसा होता? पाळणा मो...” आणि त्या थांबल्या. मुलगी क्षणभर घुटमळली आणि म्हणाली, “मोठा.” हा प्रॉम्प्ट. तो लागू पडला, कारण ‘तो पाळणा’ तिने अनेकदा ऐकलेले होते आणि आकारान्त नामे बहुधा पुल्लिंगी, ईकारान्त बहुधा स्त्रीलिंगी, हे वर्गात आधी झालेले होते. लिस्टर यांच्याच 2004 च्या अभ्यासात पाचवीच्या मुलांना फ्रेंच नामांच्या शेवटावरून लिंग ओळखायला शिकवून वर प्रॉम्प्ट दिले, तेव्हा तेवढ्याच शिकवणीला रिकास्टची जोड दिलेल्या मुलांपेक्षा त्यांची प्रगती सरस दिसली, विशेषतः लेखी चाचण्यांत.

पण हीच युक्ती ‘वीट’ या शब्दावर करून पाहा. वीट, हात, घर या तीन अकारान्त नामांची लिंगे तीन, आणि शब्दाच्या शेवटात त्याची काही खूण नाही. मुलाने ‘वीट जड होतं’ म्हटल्यावर “वीट जड काय?” असे विचारले तर ते ‘होता’, ‘होते’, ‘होती’ असे एकेक करून बाईंच्या चेहऱ्याकडे बघत राहते. मूल अंदाज करू लागले की समजावे, इथे प्रॉम्प्टचा उपयोग नाही. तिथे सरळ सांगावे, “ती वीट, म्हणून वीट जड होती,” एकदा म्हणवून घ्यावे आणि पुढे जावे. ‘पाणी’, ‘हत्ती’ यांसारख्या अपवादांनाही हेच लागू आहे. नियम शिकलेले मूल तिथे नियमामुळेच चुकते.

मग रिकास्ट टाकाऊ ठरतो का? मुळीच नाही. ज्या मुलाची मराठी बरीच बसली आहे आणि घाईत एखादेच रूप निसटते, त्याला तो पुरतो; मात्र तो लहान हवा, त्यात एकच बदल हवा आणि त्यावर जोर हवा. “मोठा होता” एवढेच म्हणावे, सोबत कौतुक आणि प्रश्न जोडू नये. मूल घरातले आजारपण किंवा भांडण सांगत असेल, तेव्हाही मी रिकास्टच करते, आणि ते त्याच्या लक्षात आले नाही तरी चालवून घेते.

‘मी अभ्यास केलो’ हे मात्र मी या हिशेबात धरत नाही. सोलापुरात घरी मराठीच बोलणारी माणसेही तसे म्हणतात, त्यामुळे “अभ्यास काय?” असे विचारले तर मूल पूर्ण विश्वासाने “केलो” म्हणणार. तोंडी बोलताना मी ते तसेच राहू देते. वहीत आले, तर समासात ‘मी अभ्यास केला’ असे लिहून, परीक्षेच्या उत्तरात हे रूप लिहायचे, एवढे स्पष्ट सांगते.