गॅन चार्जर: ट्रान्सफॉर्मर आहे तिथेच आहे

"सावधान!! नवीन छोटे गॅन चार्जर वापरू नका. गॅलियम हा धातू तळहातावर वितळतो. 65 वॅट एवढ्याशा डबीत बसवायला कंपन्यांनी आतला ट्रान्सफॉर्मरच काढून टाकलाय, त्यामुळे भिंतीतला करंट थेट मोबाइलमध्ये येतो. डबी लहान म्हणजे जास्त गरम होणार. बॅटरी सहा महिन्यांत खलास. जुना जड चार्जरच सुरक्षित. सर्वांना पाठवा."

मावशीने "खरं आहे का रे?" असंसुद्धा विचारलं नाही. मेसेज पुढे ढकलला, नवा चार्जर कपाटात टाकला आणि लॅपटॉपच्या जुन्या चार्जरची वीट माळ्यावरून काढून पुन्हा लावली. असे मेसेज मी एरवी वाचून सोडून देतो. पण ती वीट मी पाहिलेली आहे, म्हणून हे लिहितोय.

वितळण्याचं एका दमात संपवतो. शुद्ध गॅलियम 29.76 अंश सेल्सिअसला वितळतो, हे खरं. चार्जरमध्ये शुद्ध गॅलियम नसतो. तिथे असतो गॅलियम नायट्राइड, म्हणजे गॅलियम आणि नायट्रोजनचं संयुग, आणि त्याचंच छोटं नाव गॅन. ते कठीण स्फटिक आहे आणि भट्टीच्या तापमानालाही टिकतं. सोडियम पाण्यात टाकला की पेट घेतो, क्लोरीन विषारी वायू, आणि या दोघांचं मीठ आपण रोज खातो. शिवाय ज्या एलईडी दिव्याच्या उजेडात हा मेसेज टाइप झाला असेल, त्याच्या आतही याच कुळातला पदार्थ असतो. निळ्या एलईडीबद्दल 2014चं भौतिकशास्त्राचं नोबेल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना मिळालं, ते गॅलियम नायट्राइड वापरून केलेल्या कामासाठीच. इतक्या वर्षांत कुणाच्या घरचा दिवा ठिबकला नाही.

आता खरी घातक थाप: ट्रान्सफॉर्मर. तो काढला तर चार्जर छोटा होत नाही, तो चार्जरच राहत नाही. भिंतीकडची बाजू आणि फोनकडची बाजू यांच्यामध्ये तांब्याची एकही तार सलग जात नाही. ऊर्जा पलीकडे जाते ती ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून, आणि धक्क्यापासून तुम्हाला वाचवणारी भिंत तीच. दुरुस्तीच्या टेबलावर मी एक जुना 65 वॅटचा आणि एक मेलेला 65 वॅटचा गॅन चार्जर शेजारी ठेवून उघडले होते. (घरी हे करू नका. आतला मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही चार्ज धरून बसू शकतो.) जुन्यातला ट्रान्सफॉर्मर साधारण काड्यापेटीएवढा, नव्यातला तिच्या निम्म्याहून कमी. पण दोन्हींवर तीच पिवळी टेप गुंडाळलेली आणि दोन्हींच्या सर्किट बोर्डावर दोन बाजूंमधली तीच मोकळी पट्टी. नव्यात तर त्या पट्टीत बोर्ड कापून आरपार खाच पाडली होती, कारण जागा कमी असली तरी सुरक्षित अंतरात सूट मिळत नाही.

मग तो लहान कसा झाला? विहिरीवरून पाणी शेंदताना तासाला ठरावीक पाणी हवं असेल, तर एक मोठा पोहरा सावकाश ओढा किंवा लहान पोहरा भराभर ओढा. पाणी तेवढंच येतं. चार्जरमधला ट्रान्सफॉर्मर म्हणजे हा पोहरा. भिंतीतल्या 230 व्होल्ट एसीचं आधी सुमारे 325 व्होल्ट डीसी होतं. मग एक ट्रान्झिस्टर स्विचसारखा सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो आणि प्रत्येक वेळी ऊर्जेचा एक पोहरा पलीकडे ओततो. हा ट्रान्झिस्टर सिलिकॉनचा असलेला जुना चार्जर बहुधा 65 किलोहर्ट्झच्या आसपास चालायचा, म्हणजे सेकंदाला 65 हजार पोहरे. 65 वॅट भागिले 65 हजार, म्हणजे एका पोहऱ्यात एक मिलिजूल. तेच काम 260 किलोहर्ट्झवर केलं तर पोहऱ्यात पाव मिलिजूल पुरतो. तेवढी ऊर्जा क्षणभर धरायला ट्रान्सफॉर्मरमधला फेराइट या चुंबकीय पदार्थाचा गाभा लहान चालतो आणि तारेचे वेढेही कमी लागतात. थेट चौपट लहान मात्र होत नाही, कारण इन्सुलेशनची जाडी तेवढीच ठेवावी लागते आणि वारंवारता वाढली की गाभ्यातही थोडी ऊर्जा वाया जाते.

यावर कुणीही विचारेल, मग सिलिकॉनच का जोरात पळवला नाही? गोम इथेच आहे. स्विच पूर्ण चालू असताना त्याच्यावर व्होल्टेज जवळजवळ शून्य असतं, पूर्ण बंद असताना करंट शून्य असतो. दोन्ही वेळी उष्णता नगण्य. पण चालूचा बंद होताना मधले काही नॅनोसेकंद व्होल्टेजही असतं आणि करंटही, आणि तेवढ्यात तो तापतो. शिवाय ट्रान्झिस्टरच्या पोटात थोडा विद्युतभार साठतो, तो दर वेळी भरायचा आणि रिकामा करायचा. समजा या दोन्हींत मिळून दर फेरीला 10 मायक्रोजूल वाया जातात. 65 किलोहर्ट्झला ते होतात 0.65 वॅट, चालून जातं. 260 किलोहर्ट्झला तेच 2.6 वॅट. एकट्या नखाएवढ्या चिपमध्ये, चारी बाजूंनी बंद डबीत. म्हणून सिलिकॉनवाले तिथेच अडकून होते.

गॅलियम नायट्राइड हा गुंता सोडवतो तो एका गुणामुळे. तो सिलिकॉनच्या साधारण दसपट तीव्र विद्युतक्षेत्र सहन करतो. स्विचला 600-650 व्होल्ट अडवायचे असतील तर सिलिकॉनमध्ये त्यासाठी जाड थर लागतो. चालू असताना करंटलाही तोच जाड थर ओलांडावा लागतो, म्हणून रोध वाढतो. रोध कमी करायचा तर चिप पसरट करा, आणि चिप पसरट केली की पोटात भरायचा भार वाढतो. गॅलियम नायट्राइडमध्ये ते व्होल्टेज खूप कमी अंतरात अडतं. त्यात भर म्हणजे ॲल्युमिनियम मिसळलेला एक थर त्याच्यावर चढवला की दोन्हींच्या सीमेवर इलेक्ट्रॉनांचा एक पातळ पापुद्रा आपोआप तयार होतो, आणि त्यातून ते फारसे न अडखळता सुळकन जातात. तेवढ्याच रोधासाठी चिप छोटी पुरते आणि भरायचा-उपसायचा भार बराच घटतो. दर फेरीचं नुकसान कमी, म्हणून फेऱ्या वाढवता येतात, म्हणून पोहरा लहान. साखळी एवढीच आहे.

आणि उष्णता? इथे मेसेजमध्ये अर्धं सत्य आहे आणि ते नाइलाजाने मान्य करतो. आकडे घेऊ. जुन्या चार्जरच्या लेबलवर बारीक अक्षरात रोमन सहा छापलेला असतो. 49 वॅटच्या वरच्या साध्या चार्जरसाठी त्याचा अर्थ असा की सरासरी कार्यक्षमता किमान 88 टक्के. म्हणजे 65 वॅट बाहेर द्यायला तो भिंतीतून सुमारे 74 वॅट घेतो आणि जवळपास 9 वॅटची उष्णता करतो. चांगला गॅन चार्जर पूर्ण भाराला 93 टक्क्यांच्या आसपास असतो. तो 70 वॅट घेतो, उष्णता 5 वॅटच्या आत. म्हणजे उष्णता जवळजवळ निम्मी. टक्केवारीत पाचच दिसतात म्हणून लोकांना फरक किरकोळ वाटतो, पण वाया जाणारा हिस्सा 12 वरून 7 वर आलेला असतो.

आता ती उष्णता बाहेर कुठून जाणार? पृष्ठभागावरून. जुनी वीट 11 × 5 × 3 सेंटिमीटर धरा, सहाही बाजू मिळून 206 चौरस सेंटिमीटर. नवी डबी 6.5 × 4 × 3, म्हणजे 115. भागाकार केलात तर दोन्हींत दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 0.043 वॅट येतो. म्हणून पूर्ण भाराला हात लावलात तर दोन्ही सारख्याच गरम लागू शकतात, आणि एखादी फारच आवळलेली डबी जुन्या विटेपेक्षा जास्त चटका देऊ शकते. कमी झालेली उष्णता कंपन्यांनी डबी लहान करण्यात खर्चून टाकली आहे. पण जुना सिलिकॉनचा ऐवज जसाच्या तसा या छोट्या डबीत कोंबला असता तर हाच आकडा 0.077 झाला असता. ते डबीला झेपलं नसतं, आणि म्हणूनच तसा 65 वॅटचा सिलिकॉन चार्जर एवढ्या आकारात आधी दिसत नव्हता. दोन्ही एकाच मापाच्या डबीत घालून बघा, गॅन थंड राहील. चांगली डबी फार तापली तर स्वतःच पॉवर उतरवते. तेव्हा चार्जिंग हळू होतं आणि लोकांना वाटतं बिघडला.

मान्य करण्यासारखं आणखी एक. सगळं श्रेय गॅनचं नाही. डबीत गॅलियम नायट्राइडच्या चिपा एखाद-दोनच असतात, बाकी बरंच काही सिलिकॉनच. आणि आतला सर्वांत मोठा नग, तो उभा दंडगोल कपॅसिटर, गॅनने लहान होतच नाही. भिंतीतलं एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतं, त्या खाचा भरून काढणं त्याचं काम. स्विच कितीही जोरात पळवा, भिंतीतले 50 हर्ट्झ काही बदलत नाहीत. म्हणून उघडल्यावर निम्मी डबी त्याचीच वाटते.

करंट येतो म्हणणाऱ्यांना धातूच्या लॅपटॉपवर हात फिरवताना येणारी झिणझिणी आठवत असणार. ती दोन बाजूंमधल्या एका छोट्या सुरक्षा-कपॅसिटरची. एक नॅनोफॅरडचा धरला तर 230 व्होल्टला त्यातून सुमारे 0.07 मिलिअँपिअर झिरपतो. जुन्या विटांमध्येही तो असतोच.

बॅटरीचं तर विचारूच नका. किती वॅट घ्यायचे हे फोन मागतो, चार्जर फक्त देऊ करतो. 65 वॅटच्या चार्जरला 18 वॅटचा फोन लावला तर 18च जातात, मग आतला स्विच कशाचाही असो.

राहिली मावशीची सुरक्षित वीट. भिंतीकडच्या वायरला मानेपाशी जुनी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. मी ती सोडवली तर खाली तांबं उघडं होतं.