फॉइल घट्ट गुंडाळली म्हणून शेजारचे केस वाचत नाहीत

“पुढच्या दोन बटा किंवा कानामागचा एक पट्टा रंगवायला पार्लर कशाला हवं? बटेला ब्लीच लावा, फॉइल घट्ट गुंडाळा, थेंबही बाहेर येत नाही. बाकीच्या केसांना तेल चोपडा, त्यांना काही होत नाही. वरून हेअर ड्रायर मारा, निम्म्या वेळात काम होतं. पाऊण तासाने सगळ्या फॉइल एकदम काढून डोकं धुऊन टाका.”

घरच्या घरी बट रंगवण्याचा हा सल्ला नेहमी ऐकू येतो. त्यातल्या पहिल्या वाक्याशी माझं भांडण नाही. एक पट्टा घरी नीट होतो, आणि पूर्ण डोकं रंगवण्यापेक्षा त्यात धोकाही कमी असतो. त्यापुढच्या सूचना मात्र नेमक्या त्याच केसांना डाग पाडतात, जे वाचवायचे म्हणून फॉइल आणली होती.

सगळ्यात जास्त नुकसान करतो तो ‘घट्ट’ हा शब्द, म्हणून त्यावर जरा सविस्तर. फॉइलची कामं दोन. एक, रंगवायची बट आणि शेजारचे केस यांच्यामध्ये आडोसा धरणं. दोन, ब्लीच वाळू न देणं, कारण वाळलेलं ब्लीच काम करत नाही. यातल्या कुठल्याही कामाला आवळावं लागत नाही. ब्लीच पावडर डेव्हलपरमध्ये, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइडच्या द्रावणात, कालवली की त्यातून ऑक्सिजन सुटू लागतो आणि लेप हळूहळू फुगतो. तिन्ही बाजूंनी फॉइल दाबून बंद केली, तर फुगलेल्या लेपाला एकच वाट उरते, मुळांकडची. तिथून तो वर सरकतो आणि शेजारच्या केसांच्या मुळाशी जाऊन बसतो. धुतल्यावर भांगाजवळ गोल नारिंगी ठिपके किंवा आडवी नारिंगी रेघ दिसली, तर ती या सरकण्याची खूण. फॉइल सैल राहिली म्हणून असं झालं, असा समज करून घेऊन पुढच्या वेळी लोक ती आणखी आवळतात.

मग शेजारचे केस वाचतात कशामुळे? लेप मुळापासून किती लांब सुरू केला, बटेची चकती, म्हणजे एका फॉइलमध्ये जाणारा केसांचा थर, किती पातळ घेतली आणि लेप किती दाट कालवला, यामुळे. एक उदाहरण पूर्णच घेऊ. केस काळे, कधीही न रंगवलेले, साधारण ३० सेंटिमीटर लांब. एका कानामागे तांब्याच्या रंगाचा एक पट्टा हवा आहे, जो केस सोडल्यावर अर्धवट झाकला जाईल.

केस कोरडे आणि मोकळे विंचरलेले हवेत. शेपटीच्या कंगव्याच्या टोकाने कानामागे आडवा भांग पाडायचा. केसांच्या कडेची एक सेंटिमीटरभर ओळ मात्र सोडून द्यायची. तिथले केस बारीक असतात, त्यांचा रंग फार लवकर उतरतो आणि पट्ट्याची कड फाटकी दिसते. त्या ओळीच्या वर ४ सेंटिमीटर रुंद आणि १ सेंटिमीटर उंच असा पट्टा मोकळा ठेवून बाकी सगळं डोकं पिळे घालून क्लिपांनी वर बांधायचं. ही बांधणी कंटाळवाणी वाटते आणि बहुतेक जण इथेच घाई करतात. चार केस जरी निसटून फॉइलमध्ये गेले, तरी काळ्या भागात ते दोरे चमकतात.

आता हा १ सेंटिमीटरचा पट्टा एकाच फॉइलमध्ये घालायचा नाही. त्याच्या तीन पातळ चकत्या करायच्या, प्रत्येकीला स्वतंत्र फॉइल. जाड गठ्ठ्यात लेप आतपर्यंत पोचत नाही, मग माणूस वरून आणखी थापतो आणि तो जादाचा लेपच पुढे बाहेर येतो. चकती इतकी पातळ हवी की फॉइलवर पसरल्यावर केसांमधून फॉइलची चमक दिसली पाहिजे.

फॉइलचे तुकडे १२ सेंटिमीटर रुंद आणि ३५ सेंटिमीटर लांब. स्वयंपाकघरातली फॉइल चालते. फक्त ती गुळगुळीत असल्यामुळे घसरते. म्हणून वरची कड एक सेंटिमीटर दुमडून ताठ करायची, ती डोक्याच्या त्वचेला टेकवून चकतीखाली सरकवायची आणि चकती खाली ताणून धरायची. ताण सुटला की फॉइल घसरते.

लेपासाठी १५ ग्रॅम पावडर आणि साधारण २५ मिलिलिटर ६ टक्क्यांचा डेव्हलपर पुरतो. पाकिटावर प्रमाणाची मर्यादा दिलेली असेल, तर त्यातली दाट बाजू निवडायची. ब्रश उचलल्यावर लेप त्याला चिकटून राहिला पाहिजे. तो ओघळला तर फॉइलमध्येही ओघळणार. ९ किंवा १२ टक्क्यांच्या डेव्हलपरचा मोह टाळा. फॉइलमध्ये शरीराची ऊब आणि रसायनाची ऊब दोन्ही कोंडलेल्या असतात, ६ टक्के तिथे पुरेसे जोरात चालतात.

लेप फॉइलच्या वरच्या कडेपासून एक सेंटिमीटर खाली सुरू करायचा. आधी मधोमध लावून टोकांकडे ओढायचा आणि शेवटी, ब्रशवर उरलेल्या पातळ थरानेच, वर एक सेंटिमीटरच्या रेषेपर्यंत यायचं. ही रिकामी पट्टी हाच खरा बांध. लेप फुगला तरी आधी ही जागा भरेल, शेजारच्या केसांपर्यंत जाणार नाही. मुळाशी थोडा काळा भाग राहतो, तो नंतर उठूनही दिसत नाही. मग फॉइल खालून वर अर्ध्यात दुमडायची आणि दोन्ही बाजूंच्या कडा एकदाच सेंटिमीटरभर आत वळवायच्या. दाबायचं नाही, नखाने घडी मारायची नाही. तिन्ही फॉइल खालून वर अशा क्रमाने झाल्या की वर एक कोरी फॉइल ठेवायची आणि त्यानंतरच क्लिपा सोडायच्या. शक्यतो त्याही धुवेपर्यंत तशाच राहू द्या.

तेलाचं काय? ब्लीच करण्याआधी केसांची झीज कमी व्हावी म्हणून काही जण तेल लावतात, त्यावरून हा गैरसमज पसरला असावा. झीज कमी होणं वेगळं आणि रंग न उतरणं वेगळं. लेप अल्कधर्मी असतो, तेलाचा पातळ थर त्याला अडवू शकत नाही. उलट तेलाने चकत्या एकमेकींना चिकटतात, सरळ भांग पडत नाही आणि आधीच निसरडी फॉइल आणखी घसरते. शेजारचे केस कोरडे आणि बांधलेले असणं यापेक्षा चांगलं संरक्षण नाही. तेलकट काही लावायचंच असेल, तर कानाच्या पाळीवर आणि मानेच्या त्वचेवर थोडी व्हॅसलीन लावा, केसांवर नको.

हेअर ड्रायर तर साफ नको. उष्णतेने लेप जास्त फुगतो, पातळ होतो आणि लवकर वाळतो. धातू पटकन तापतो आणि फॉइल डोक्याच्या त्वचेला टेकलेली असते; हायलाइट्स करताना त्वचा भाजल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. फॉइलखाली चटका किंवा जळजळ वाढू लागली तर ‘थोडं सहन करू’ असं म्हणू नका. लगेच उघडा आणि भरपूर पाण्याने धुवा. केसांना आधी धातूंचे क्षार असलेला रंग किंवा भेसळीची मेंदी लावलेली असेल, तर ड्रायर नसतानाही फॉइल तापून केस तुटू शकतात. त्यामुळे आधी काय काय लावलं होतं ते नक्की आठवत नसेल, तर विंचरताना गळलेले थोडे केस अर्धा तास लेपात ठेवून पाहा. भांडं कोमट झालं, फेस आला किंवा केस च्युइंगगमसारखे ताणले, तर त्या डोक्यावर ब्लीच नको.

पाऊण तासाचा आकडा घड्याळापुरता ठीक आहे, केसाला तो माहीत नसतो. काळा केस आधी लालसर तपकिरी होतो, मग लाल-नारिंगी, मग नारिंगी, मग पिवळट. १५ मिनिटांनी पहिली फॉइल थोडी उघडून, एका जागचा लेप ओल्या कापसाने पुसून रंग बघायचा, आणि पुढे दर पाच मिनिटांनी. आपल्याला तांबूस छटा हवी आहे, म्हणजे नारिंगीवर थांबायचं. घरी पहिल्यांदा करताना मी हाच रंग सुचवते, कारण काळा केस वाटेत तिथेच येतो. राखाडी किंवा फिकट सोनेरीसाठी त्याला बरंच पुढे ढकलावं लागतं. पाकिटावर लिहिलेली कमाल वेळ संपली आणि केस अजून लालच असेल, तरी धुवायचं. त्या दिवशी तेवढंच.

सगळ्या फॉइल एकदम ओढल्या तर आतला लेप शेजारच्या केसांवर फासला जातो, शिवाय पहिली फॉइल शेवटच्या फॉइलच्या काही मिनिटं आधी तयार झालेली असते. म्हणून ज्या क्रमाने लावल्या त्याच क्रमाने, एकेक. घडी उघडायची, लेप ओल्या कापसाने टोकांच्या दिशेने पुसून घ्यायचा, मग फॉइल खाली सरकवून काढायची. बाकीच्या केसांना दाट कंडिशनर लावायची वेळ ही, लेप चढवतानाची नव्हे. डोकं एका बाजूला कलतं ठेवून पट्टा सगळ्यात खाली येईल असं करा आणि पाणी मुळांकडून टोकांकडे जाऊ द्या. पाण्यात विरलेलं ब्लीच काळ्या केसावरून वाहून गेलं तर क्षणात डाग पडत नाही, त्याची फार धास्ती नको. तिथेच थबकलेला घट्ट लेप मात्र डाग पाडतो.

पट्टा कोरडा करून त्यावर डेव्हलपर न लागणारा तांबूस रंग लावायचा. तो काळ्या केसांवर दिसतही नाही, त्यामुळे आता फॉइल फक्त कपडे आणि त्वचा वाचवण्यापुरती. शेजारी पांढरे केस असतील तर मात्र ते हाच रंग पटकन धरतात, तेव्हा तीच एक सेंटिमीटरची रिकामी जागा पुन्हा सोडा. डेव्हलपरमध्ये कालवायचा रंग निवडला असेल, तर कानामागच्या त्वचेवर ४८ तास आधी अ‍ॅलर्जीची चाचणी घ्या.

एवढं करूनही मुळाशी ठिपका उमटला, तर त्यावर पुन्हा ब्लीच नको. केस पूर्ण वाळवून बघा, कारण ओल्या केसात डाग लपतो. मग स्वतःच्या रंगापेक्षा एक छटा फिकट असा नैसर्गिक तपकिरी रंग घेऊन बारीक ब्रशने फक्त त्या ठिपक्यावर लावा. ब्लीच लागलेला केस रंग जास्त ओढतो. नेमका आपल्याच छटेचा रंग घेतला, तर नारिंगीच्या जागी कोळशासारखा काळा ठिपका बसेल.