खाते बंद झाले, कागद तिथेच होते

बारावीनंतर बी.कॉम.च्या तिन्ही वर्षी मला एका खासगी ट्रस्टची शिष्यवृत्ती मिळाली. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावातून रोज बेळगावला कॉलेजला जाणे त्या पैशांमुळे जमले आणि त्या संस्थेबद्दलची माझी कृतज्ञता आजही कमी झालेली नाही. तरीही गेल्या काही महिन्यांत मला त्याच संस्थेला दोनदा पत्र लिहून माझे खाते व कागदपत्रे काढून टाकण्याची मागणी करावी लागली. पहिले पत्र का फसले आणि दुसऱ्यात काय बदलले, हे सीमाभागातल्या ज्या मुलामुलींनी असेच अर्ज भरले आहेत त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते आहे.

अर्ज भरताना मी अकरा फाईली अपलोड केल्या होत्या. दहावी आणि पीयूसीच्या गुणपत्रिका, माझे आणि आईचे आधार कार्ड, रेशन कार्ड, नाडकचेरीतून काढलेले उत्पन्नाचे आणि जातीचे दाखले, बँक पासबुकचे पहिले पान, माझा फोटो, वीजबिल आणि घराचा फोटो. त्या घराच्या फोटोत आई दारात उभी आहे, पदर डोक्यावर घेतलेला, मागे कौलांवर टाकलेले निळे प्लास्टिक दिसते आहे. आर्थिक परिस्थितीचा पुरावा म्हणून तो मागितला होता आणि त्या कारणासाठी आम्ही तो दिला. पुढे संस्थेने शिष्यवृत्तीच्या त्याच खात्यांचे ‘माजी विद्यार्थी’ खात्यांत रूपांतर केले. माझा मोबाईल नंबर, जन्मतारीख आणि गाव माजी विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन यादीत दिसत असल्याचे मला धाकट्या भावाच्या मित्राकडून कळले. शिष्यवृत्तीची निवड करण्यासाठी दिलेली माहिती दुसऱ्या कामासाठी वापरायची, तर आधी विचारायला हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिल्या पत्रात मी फक्त एवढेच लिहिले की माझे खाते काढून टाकावे. चार दिवसांत उत्तर आले की खाते बंद केले आहे. लॉगिन होईना, म्हणून मी निश्चिंत झाले. मग जुन्या मेलमध्ये अर्जाची पोच सापडली. तिच्यात अपलोड केलेल्या उत्पन्नाच्या दाखल्याची लिंक होती. ती मी ब्राउझरच्या इन्कॉग्निटो विंडोत, म्हणजे कोणतेही लॉगिन नसताना उघडली आणि बाबांचे नाव, वार्षिक उत्पन्न व आरडी क्रमांकासह तो दाखला जसाच्या तसा समोर आला. ‘खाते बंद’ याचा अर्थ आत जाण्याचे दार बंद झाले एवढाच होता. फाईल वेगळ्या जागी साठवलेली असते आणि तिला मुद्दाम काढल्याशिवाय ती जात नाही. खाते बंद करून घेण्याआधी अशा एक-दोन लिंक स्वतःजवळ जपून ठेवाव्यात, कारण नंतर तपासायला तेवढाच मार्ग उरतो. मंजुरीपत्रही आधीच उतरवून घ्यावे.

दुसरे पत्र लिहायला मला दोन संध्याकाळी लागल्या. संस्थेचे कार्यालय बंगळुरूला असल्याने ते इंग्रजीत पाठवले, त्यातला मुख्य भाग मराठीत असा होता:

‘माझ्या अर्जासोबतच्या पुढील अकरा फाईली मूळ साठवणुकीतून काढाव्यात आणि आपल्यासाठी पोर्टल चालवणाऱ्या कंपनीलाही त्या काढायला सांगावे. माजी विद्यार्थी यादीतील माझी नोंद काढावी. बॅकअपमधील प्रती किती दिवसांत पुसल्या जातात ते कळवावे. कायद्याने काही माहिती ठेवणे भाग असेल, तर कोणती, कोणत्या नियमाने आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहून द्यावे.’

सोबत अर्ज क्रमांक आणि माझ्या नावाची तिन्ही रूपे दिली. हा मुद्दा आपल्या भागात फार महत्त्वाचा आहे. माझ्या शाळेच्या दाखल्यात मधले नाव पूर्ण आहे, आधारवर फक्त आद्याक्षर आहे आणि कन्नड दाखल्यावरून इंग्रजीत उतरवताना आडनावाचे स्पेलिंग बदललेले आहे. एकाच स्पेलिंगने शोध घेतला, तर बाकीच्या नोंदी मागे राहण्याची शक्यता असते. ओळख पटवण्यासाठी त्यांनी पुन्हा आधारची प्रत मागितली, तेव्हा मी नम्रपणे नकार दिला. पत्र नोंदणीकृत मेलवरूनच गेले होते आणि अर्ज क्रमांक जुळत होता. कागद काढून टाकण्यासाठी नवा कागद पाठवणे मला पटले नाही. फारच आग्रह झाला असता, तर पहिले आठ आकडे झाकलेले मास्क्ड आधार मी दिले असते.

कायद्याबद्दलही थोडे स्पष्ट लिहिते, कारण अर्धवट वाचून धमकीचे पत्र लिहिणाऱ्याची फजिती होते. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम 12 मध्ये संमतीने दिलेली माहिती पुसून मागण्याचा हक्क आहे. मात्र त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि हा हक्क बजावता येण्याची तरतूद त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू व्हायची आहे. म्हणून मी पत्रात या कलमाचा उल्लेख केला, पण दंडाची भाषा वापरली नाही. शिवाय याच कायद्यात दुसऱ्या कायद्यानुसार ठेवावी लागणारी माहिती ठेवण्याची मुभा आहे. सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर तर सार्वजनिक पैशांचा हिशेब असतो, तिथे असे पत्र सहसा चालणार नाही.

संस्थेचे उत्तर तेविसाव्या दिवशी आले आणि त्यातला एक नकार मला योग्यच वाटला. आयकर नियमांत 2022 साली आलेल्या 17एए नियमाप्रमाणे धर्मादाय संस्थेने कोणाला किती रक्कम दिली, याची नाव-पत्त्यासह नोंद संबंधित करनिर्धारण वर्ष संपल्यापासून दहा वर्षे जपायची असते. माझा शेवटचा हप्ता जानेवारी 2023 मध्ये मिळाला. त्याचे करनिर्धारण वर्ष 2023-24, ते 31 मार्च 2024 रोजी संपले, म्हणजे ती नोंद 31 मार्च 2034 पर्यंत राहील. माझे नाव, पत्ता आणि रक्कम त्यांच्या खातेवहीत राहण्याला माझी काहीच हरकत नाही. पण त्या नोंदीसाठी आईच्या आधारची स्कॅन प्रत, रेशन कार्डावरची सगळ्या घराची नावे किंवा दारातला तो फोटो लागत नाही. तेविसाव्या दिवशीच्या त्या उत्तरात मात्र ‘हिशेबासाठी सर्व कागद ठेवावे लागतात’ असे म्हटले होते. हा फरक दाखवून दिल्यावर त्यांनी अकराही फाईली काढल्याचे तारखेसह लिहून दिले. बॅकअप पस्तीस दिवसांनी बदलतो, असेही कळवले.

फाईली काढल्याच्या तारखेपासून छत्तिसाव्या दिवशी मी ती जुनी लिंक पुन्हा उघडली. `404 Not Found` आले. यादीतले माझे पान मात्र गुगलच्या शोधात अजून दोन ओळींत दिसत होते, मोबाईल नंबरसह. मूळ पान गेलेले असले तरी शोधातली जुनी ओळ काही काळ राहते. गुगलच्या `Refresh Outdated Content` या पानावर तो पत्ता भरल्यानंतर काही दिवसांत ती ओळही गेली.

एक गोष्ट अजून उरली आहे. निवड समितीच्या सदस्यांना त्या काळी अर्ज मेलने पाठवले जात होते आणि त्यांच्या खासगी मेलमधल्या प्रतींबद्दल आपण खात्री देऊ शकत नाही, असे संस्थेने कळवले. निदान त्या सदस्यांना प्रती पुसण्याची लेखी विनंती करावी आणि त्या विनंतीची प्रत मला द्यावी, असे तिसरे पत्र मी गेल्या सोमवारी पाठवले आहे.