रिमूव्ह डुप्लिकेट्समध्ये जास्त कॉलम टिक केले की जास्त सफाई होते, हे खरं नाही

"एक्सेलमध्ये यादी साफ करायची तर रिमूव्ह डुप्लिकेट्स उघडा आणि जमतील तेवढे कॉलम टिक करा, जेवढ्या टिका जास्त तेवढी सफाई कडक. टिक केलेल्या प्रत्येक कॉलममधले रिपीट उडतात, बाकीच्या कॉलमला धक्का लागत नाही, आणि तारीख कशीही लिहिली तरी एक्सेल ओळखतो."

हा मेसेज ग्रुपाग्रुपात फिरतोय आणि त्यातलं प्रत्येक वाक्य चुकीचं आहे. लोक यावर विश्वास ठेवून हिशोबाच्या शीट साफ करतात म्हणून एकेक मुद्दा नीट घेतो. सोसायटीच्या गणपतीच्या वर्गणीची छोटी यादी घेऊ, कॉलम A ते E, हेडिंग पहिल्या ओळीत.

```
पावती  फ्लॅट  नाव    तारीख   रक्कम
101   A-12  पाटील  1-Sep   500
102   B-07  जोशी   1-Sep   500
102   B-07  जोशी   1-Sep   500
108   A-12  पाटील  5-Sep   500
109   B-07  जोशी   6-Sep   1000
```

इथे खरा डुप्लिकेट एकच आहे, 102 नंबरची पावती दोनदा टाइप झालीय. पाटलांनी 5 तारखेला परत 500 दिले, जोशींनी 6 ला अजून हजार दिले, ती वेगळी वर्गणी आहे. म्हणजे खरी जमा 2500.

आता टिकांचं. एक्सेल कॉलम सुटे सुटे बघतच नाही, टिक केलेल्या सगळ्या कॉलमची मिळून एक जोडी धरतो आणि ती अख्खी जोडी वर आधी येऊन गेली असेल तरच खालची ओळ डुप्लिकेट ठरते. फ्लॅट आणि रक्कम या दोनच टिक करून बघा. B-07 तीनदा आहे, 500 चारदा आहे, तरी 109 ची ओळ वाचते कारण 'B-07 आणि 1000' ही जोडी आधी कुठेच नाही. पण 108 उडते, कारण 'A-12 आणि 500' वर 101 मध्ये येऊन गेलंय. उरल्या तीन ओळी, बेरीज 2000, पाटलांचे 500 गायब.

पाचही कॉलम टिक केले तर फक्त 102 ची दुसरी ओळ जाते आणि बेरीज बरोबर 2500 येते. म्हणजे टिका वाढवल्या की सफाई कडक होत नाही, उलट सैल होते, कारण जास्त गोष्टी जुळाव्या लागतात. आणि यादीत अनुक्रमांकाचा कॉलम असेल नि तोही टिकमध्ये राहिला तर एकही ओळ जाणार नाही, कारण तो आकडा प्रत्येक ओळीत वेगळाच असतो. "No duplicate values found" असा मेसेज आला की लोक खूश होतात, यादी स्वच्छ आहे म्हणतात, आणि डबल पावती तशीच बसलेली असते.

मला वाटतं हा गैरसमज कंडिशनल फॉरमॅटिंगमुळे पसरलाय. तिथलं Duplicate Values नावाचं रंगवणारं ऑप्शन सेल सेल बघतं, ओळ बघत नाही, त्यामुळे आपल्या यादीवर लावलं तर सगळे B-07 आणि सगळे 500 रंगतात. ते रंग बघून माणूस समजतो की हेच उडणार. नाही, ती दोन कामं वेगळी आहेत.

बाकीच्या कॉलमला धक्का लागत नाही हा भाग सगळ्यात घातक आहे. टिक फक्त तुलना कशावर करायची ते सांगते, डिलीट मात्र निवडलेल्या रेंजमधली ती ओळ आडवी पूर्ण होते. फ्लॅट आणि नाव टिक करा म्हणजे 101 आणि 102 या दोनच ओळी उरतील, बेरीज 1000. रक्कम टिक केली नव्हती म्हणून ती वाचली असं होत नाही, दीड हजाराची खरी वर्गणी ओळींसोबत गेली. आणि राहते ती नेहमी वरची, पहिली ओळ. तुम्हाला प्रत्येक फ्लॅटचा ताजा मोबाईल नंबर ठेवायचा असेल तर आधी तारखेने नवीन वर, जुनं खाली असं सॉर्ट करा नि मग कमांड चालवा, नाहीतर जुनाच नंबर राहील.

तारखेबद्दल तर बरोबर उलटं आहे. तुलना सेलमध्ये काय दिसतंय त्यावर होते, आत काय साठवलंय त्यावर नाही, हे मायक्रोसॉफ्टच्या मदतीच्या पानावरच लिहिलंय. एका ओळीत 1-Sep आणि दुसरीत 01/09/2024 दिसत असेल तर आतली तारीख तीच असूनही दोन्ही वेगळ्या धरल्या जातात. म्हणून आधी अख्ख्या कॉलमला एकच फॉरमॅट द्या. इंग्रजी अक्षर लहान की मोठं याचा मात्र फरक पडत नाही, a-12 आणि A-12 एकच. नावामागे चुकून राहिलेली स्पेस असेल तर 'जोशी' दोन वेगळे, आणि दीक्षित नि दिक्षित हे तर कोणतीच कमांड जुळवून देणार नाही. स्पेसचा संशय असेल तर LEN लावून लांबी बघा, दिसायला सारख्या दोन नावांची लांबी वेगळी आली की समजायचं. TRIM ने साधी स्पेस जाते, वेबसाइटवरून कॉपी केलेल्या डेटातली न तुटणारी स्पेस जात नाही, तिला हे लागतं:

```
=TRIM(SUBSTITUTE(C2,UNICHAR(160)," "))
```

कमांड चालवायच्या आधी काय उडणार ते बघता येतं आणि ते बघाच, कारण शेवटी एक्सेल फक्त किती गेल्या नि किती उरल्या एवढंच सांगतो, कुठल्या गेल्या ते सांगत नाही. यादीला चिकटून F कॉलममध्ये हे टाका आणि खाली ओढा, फ्लॅट आणि रक्कम टिक करणार असाल तर:

```
=COUNTIFS($B$2:B2,B2,$E$2:E2,E2)
```

आपल्या यादीवर उत्तर येतं 1, 1, 2, 2, 1. जिथे 1 पेक्षा जास्त ती ओळ जाणार, आणि दुसरा 2 पाटलांच्या 108 वर दिसला की कळतं टिक चुकतेय, इथे पावती नंबर हवा. दोन ठिकाणी मात्र हा फॉर्म्युला कमांडशी जुळत नाही. तारखेत तो आतली किंमत बघतो, दिसणारं नाही. आणि रिकाम्या सेलला तो शून्य समजतो म्हणून उत्तर 0 येतं, पण कमांड रिकामं आणि रिकामं सारखंच धरते. म्हणजे फक्त मोबाईल टिक केला आणि दहा जणांचा मोबाईल रिकामा असेल तर नऊ जण यादीतून जातील, फॉर्म्युला काहीच दाखवणार नाही. रिकाम्या ओळी आधी फिल्टर करून वेगळ्या शीटवर ठेवा.

अजून एक, यादी आणि शेरे यांच्यामध्ये रिकामा कॉलम सोडायची सवय बऱ्याच जणांना असते, म्हणजे डेटा A ते E आणि 'चेक वटला नाही' वगैरे G मध्ये. यादीतला एखादा सेल निवडून कमांड चालवली की एक्सेल रिकाम्या कॉलमपाशी थांबतो, A ते E मधली ओळ काढून खालचं वर सरकवतो, आणि G जागच्या जागी राहतो. मग 108 चा शेरा 109 समोर दिसायला लागतो. शीटची कॉपी करून तिच्यावर काम करा आणि चालवल्यावर रकमेची बेरीज आधीच्या बेरजेशी ताडून बघा. आपल्या यादीत ती 3000 वरून 2500 वर यायला हवी, दुसरं काही आलं तर तिथल्या तिथे Ctrl+Z.