स्वर मोजले म्हणजे कॉर्ड सापडला असे नव्हे

«कोणतंही गाणं ॲपमध्ये टाका, अचूक कॉर्ड्स मिळतात. ॲप गाण्यातले सूर थेट मोजतं, आणि मोजमाप कधी चुकत नाही. रेकॉर्डिंग जुनं असलं तरी फरक पडत नाही. कान तयार करण्यात वर्षं घालवू नका.»

परभणीच्या एका भजनी मंडळात कीबोर्ड वाजवणाऱ्या माझ्या भाच्याने हा मजकूर मला पाठवला. सोबत त्याने एका भजनाचा अशाच ॲपने काढलेला तक्ताही जोडला होता. भजन कोमल गंधाराचे, आणि तक्त्यात मात्र ओळीमागून ओळ शुद्ध गंधाराचा सी मेजर! मुले असे तक्ते समोर ठेवून साथ करू लागली आहेत, म्हणून हे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

मोजले जाते ते काय, हे आधी पाहू. अशा ॲपमागची मूळ पद्धत रेकॉर्डिंगचे लहान लहान तुकडे करते, प्रत्येक तुकड्यात कोणत्या कंपनसंख्येवर किती ऊर्जा आहे हे पाहते आणि सगळी सप्तके एकावर एक दुमडून ती ऊर्जा बारा स्वरांच्या बारा कप्प्यांत टाकते. या बारा आकड्यांना क्रोमा म्हणतात. त्यानंतर प्रत्येक कॉर्डचा ठरलेला साचा त्यांच्याशी ताडून पाहिला जातो आणि सर्वांत जवळचा साचा उत्तर म्हणून दिला जातो. म्हणजे मोजली जाते ती ऊर्जा. कॉर्ड हा त्यावरून बांधलेला अंदाज असतो.

आता पांढरी एकमध्ये लावलेल्या तंबोऱ्याची फक्त षड्जाची तार छेडा. तिची कंपनसंख्या सुमारे १३१ हर्ट्झ आहे असे धरू. त्या एकाच तारेतून तिप्पट, म्हणजे ३९३ हर्ट्झचा स्वरही निघतो, आणि तो पंचमाच्या कप्प्यात जातो. पाचपट, म्हणजे ६५५ हर्ट्झचा स्वर शुद्ध गंधाराच्या कप्प्यात पडतो. कीबोर्डवरच्या गंधारापेक्षा तो किंचित उतरलेला असतो, पण कप्पा तोच. तंबोऱ्यातला स्वयंभू गंधार तो हाच. थोडक्यात, कोणीही कॉर्ड वाजवलेला नसताना एका तारेने सा, ग आणि प हे तिन्ही कप्पे भरले, आणि ॲपच्या दृष्टीने तो सी मेजर झाला. जवारी चांगली लागलेली असेल तर हे वरचे स्वर आणखी ठळक होतात. त्यावर पेटीने कोमल गंधार हळू वाजवला, तर तंबोऱ्याचा शुद्ध गंधार त्याच्यावर मात करू शकतो. भाच्याच्या तक्त्यात सी मेजर आले ते माझ्या मते याचमुळे. तक्त्यात विनाकारण दर दोन-चार मात्रांनी सी मेजर आणि सी मायनर आलटून पालटून येत असतील, तर हीच झटापट चालू आहे असे समजावे.

दुसरी चूक सप्तके दुमडल्यामुळे होते. समजा, गिटारवर ए मायनर चालू आहे, म्हणजे ए, सी, ई, आणि गायक जी या स्वरावर थांबला आहे. कप्प्यांतले आकडे सी १, ई १, जी ०.९ आणि ए ०.६ असे आले, तर नुसत्या बेरजेने ए मायनरला २.६ आणि सी मेजरला २.९ गुण मिळतात. बेस गिटार खाली स्पष्ट ए धरून असली तरी तो ए वरच्या ए-मध्येच मिसळतो. तो सर्वांत खालचा स्वर होता ही माहितीच उरत नाही. म्हणून काही चांगल्या पद्धती, उदाहरणार्थ Chordino, बेसचा क्रोमा वेगळा काढतात. त्याने ही चूक कमी होते, नाहीशी होत नाही.

क्रोमावरून कॉर्ड ओळखण्याची ही रीत ताकुया फुजिशिमा यांनी १९९९ मध्ये मांडली. त्यांनाही हे आकडे कच्चे वापरता आले नाहीत. शेजारच्या क्षणांची सरासरी घेऊन ते आधी गुळगुळीत करावे लागले. ज्या मोजमापाला मुळातच असा आधार लागतो, ते कधी चुकत नाही असे म्हणणे चुकीचे आहे.

जुन्या रेकॉर्डिंगविषयी एवढेच की कॅसेट तीन टक्के जास्त वेगाने फिरली तरी सगळे स्वर जवळजवळ अर्ध्या कप्प्याने चढतात आणि दोन कप्प्यांच्या सीमेवर येतात. हा फरक सबंध गाण्यात सारखा असेल तर ॲप तो ओळखून दुरुस्त करू शकते. वेग मध्येच बदलत असेल तर एका दुरुस्तीने भागत नाही.

मान्य करायचे तर इतकेच करीन: साध्या मेजर-मायनर कॉर्डांचे, ठळक बेस असलेले, स्टुडिओत ध्वनिमुद्रित गाणे असेल तर तक्ता बराचसा बरोबर येतो आणि सुरुवातीला त्याचा उपयोग होतो. मात्र प्रत्येक कॉर्डखालचा बेसचा स्वर स्वतः गुणगुणून कीबोर्डवर शोधावा, आणि मग त्यावर आधी शुद्ध व नंतर कोमल गंधार रेकॉर्डिंगबरोबर वाजवून पाहावा. भाच्याच्या भजनात शुद्ध गंधार पहिल्याच ओळीत खटकतो.