‘पळ काढला’ या शब्दाबद्दल

*ऑडिटरच्या राजीनाम्यावरच्या माझ्या लेखाला आलेली प्रतिक्रिया: “राजीनामा म्हणजे शुद्ध पळ काढणं. घोटाळा दिसला तर थांबून वाईट रिपोर्ट द्या ना! बायजूजमध्ये डेलॉइटने तेच केलं, गुंतवणूकदार वाऱ्यावर. तुम्ही सीए लोक फी घेऊन हात झटकता. आणि नवा ऑडिटर 30 दिवसांत सभेत मंजूर व्हायला हवा, हे तुमचं वाक्य चूक आहे.”*

आधी शेवटचं. ते वाक्य चुकलंच माझं. जुना ऑडिटर राजीनामा देऊन गेला की बोर्डाने 30 दिवसांत नवा नेमायचा असतो. भागधारकांच्या सभेची मंजुरी मात्र बोर्डाच्या शिफारशीपासून तीन महिन्यांत घ्यायची असते. मी दोन्ही मुदती एकत्र केल्या. दुरुस्ती करतो.

पण “तुम्ही सीए लोक” ही काय भाषा झाली? मी तुम्हाला ओळखत नाही, तुम्ही मला ओळखत नाही. सत्तावीस वर्षं या धंद्यात काढली आहेत. फीबद्दल बोलण्याआधी निदान विचारायचं तरी.

आता तो शब्द, “पळ”. काही वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. एमआयडीसीतली एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, नाव सांगणार नाही. गोडाऊनमधला माल तारण दाखवून बँकेचं कॅश क्रेडिट कर्ज घेतलेलं. मार्चअखेर मोजणीला गेलो तर गोडाऊनच्या दर्शनी रांगेत भरलेले ड्रम. माझ्या आर्टिकलने, म्हणजे हाताखालच्या शिकाऊ मुलाने, मागच्या रांगेतल्या ड्रमवर किल्लीने टकटक केलं, तर पोकळ आवाज. आम्ही अकरा ड्रम उघडायला लावले, त्यातले नऊ रिकामे. तेवढ्या भागातच 62 लाखांचा फरक निघाला. बाकीचं गोडाऊन त्या दिवशी “चावी पुण्याला गेलीय” म्हणून उघडलंच नाही. तीन पत्रं पाठवली, तरी उघडलं नाही.

त्यानंतर मी काय केलं ते नीट वाचा. फरक कळल्यापासून दोन दिवसांत बोर्डाला लेखी कळवलं: काय प्रकार, अंदाजे रक्कम किती, कोणाचा हात असल्याचा संशय. कंपनी कायद्याच्या कलम 143(12) खाली एक कोटीच्या आतला गैरव्यवहार बोर्डाकडे जातो आणि बोर्डाला तो आपल्या अहवालात छापावा लागतो. एक कोटी किंवा त्यावर असता तर बोर्डाला उत्तरासाठी 45 दिवस देऊन, उत्तर आल्यापासून 15 दिवसांत एडीटी-4 फॉर्मने थेट केंद्र सरकारकडे. बोर्डाचं उत्तर आलं, “मोजणीतली चूक असावी.” गोडाऊन बंदच.

“थांबून वाईट रिपोर्ट द्या” म्हणता, पण रिपोर्टला आधार कशाचा? उरलेला माल आहे की नाही, हेच मला पाहू दिलं नाही. कंपनीनेच पुरावा अडवला आणि परिणाम सगळ्या ताळेबंदावर होणार असेल, तर आमचं ऑडिटिंग मानक 705 सांगतं की कायद्याने शक्य असेल तिथे काम सोडा, नाही तर मत द्यायला नकार द्या. दोन्ही मार्ग खुले आहेत. मी पहिला घेतला.

राजीनाम्याचं पत्र एमडीला नाही, संचालक मंडळाला लिहिलं. कोणत्या वर्षाचं ऑडिट, कोणत्या तारखेला काय मागितलं, काय मिळालं नाही, बोर्डाचं उत्तर अपुरं का वाटलं, हे सगळं त्यात होतं. “वैयक्तिक कारणास्तव” एवढंच लिहून सुटता आलं असतं, माझ्या ओळखीच्या दोघांनी तसा सल्लाही दिला. मग 30 दिवसांत राजीनाम्याचा एडीटी-3 फॉर्म कंपनीला आणि कंपनी रजिस्ट्रारकडे, तीच कारणं घालून. नव्या ऑडिटरचं विचारणा करणारं पत्र आलं, ते त्यांनी पाठवायलाच लागतं. त्यांना 62 लाखांसकट सगळं लेखी कळवलं. कारो या ऑडिट रिपोर्टबद्दलच्या सरकारी आदेशाच्या 18व्या कलमाप्रमाणे, आधीच्या ऑडिटरने मांडलेले मुद्दे आपण विचारात घेतले का, याचं उत्तर त्यांना आपल्या रिपोर्टमध्ये द्यावं लागतं. एवढं कागदोपत्री मागे ठेवून जाणाऱ्याला तुम्ही पळपुटा म्हणता? त्या वर्षाची फी मला आजतागायत मिळालेली नाही.

बायजूज या ऑनलाइन शिकवणी कंपनीचं म्हणाल तर 22 जून 2023 च्या राजीनामापत्रात तिच्या ऑडिटर डेलॉइटने बोर्डाला लिहिलंय की मार्च 2022 च्या ताळेबंदाला फार उशीर झालाय आणि ऑडिट सुरूच करता आलेलं नाही. जे सुरूच झालं नाही त्यावर कोणता वाईट रिपोर्ट द्यायचा, हे तुम्हीच सांगा. कंपनी लिस्टेड असती तर सेबीच्या ऑक्टोबर 2019 च्या परिपत्रकाने त्यांना आधी संबंधित तिमाहीचा रिपोर्ट देऊन मगच बाहेर पडावं लागलं असतं. ती लिस्टेड नव्हती.

गुंतवणूकदारांचा मुद्दा वेगळा आहे, त्यात आज शिरत नाही.

मूळ लेखातली तीन महिन्यांची दुरुस्ती आज रात्री टाकतो. पुढची प्रतिक्रिया जरूर लिहा, कितीही कडक लिहा, पण माझ्या कामावर लिहा.