आरसा, पट्टी आणि पीडी: धुळ्याच्या चष्मेवाल्या भाऊंना उत्तर

पीडी म्हणजे दोन्ही बाहुल्यांच्या मध्यांमधलं अंतर. ते घरी कसं मोजायचं, यावरच्या माझ्या लेखावर आलेली प्रतिक्रिया: "मॅडम, धुळ्यात एकोणीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवतोय. तुम्ही लोकांना आरशासमोर पट्टी धरून पीडी मोजायला सांगता. आरसा वीतभर अंतरावर, म्हणजे माणूस जवळ बघणार, डोळे आत वळणार आणि आकडा तीन-चार मिलिमीटरनं कमी येणार. तो टाकून ऑनलाइन चष्मा मागवला की डोकेदुखी ठरलेली. निस्तरायला शेवटी आमच्याकडेच येतात. कशाला लोकांना अर्धवट डॉक्टर बनवता?"

भाऊ, तुमचं म्हणणं माझ्या लेखातल्या एका पद्धतीला लागू पडतं, पण तुम्ही धरलीत ती पद्धत ती नव्हे. आधी आरशाचं सांगते. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय, त्यामुळे आरसा म्हटलं की हात शिवशिवतात.

आरशासमोर एक डोळा मिटून उघड्या डोळ्यानं त्याच डोळ्याची बाहुली पाहायची, असं मी लिहिलं होतं. सगळी मेख "त्याच" या शब्दात आहे. उजव्या बाहुलीतून निघालेला किरण आरशावर आपटून पुन्हा उजव्या बाहुलीतच यायचा असेल, तर तो आरशावर काटकोनातच पडायला हवा. जरा तिरका पडला तर भलतीकडेच जाईल. म्हणजे उजवा डोळा आरशाकडे काटकोनात बघतो. मग तो मिटून डावा उघडला की तोही काटकोनात बघतो. एकाच सपाट आरशावरचे दोन लंब एकमेकांना समांतरच असणार. लांबच्या डोंगराकडे पाहताना डोळे जसे समांतर असतात, तसेच. आरसा वीतभर असो की हातभर, फरक पडत नाही. जवळचं स्पष्ट दिसावं म्हणून डोळ्यातलं भिंग जोर लावतं खरं, पण नजरेची दिशा बदलत नाही, आणि पीडीला दिशेशीच मतलब.

मी स्वतः आरसा एकदा वीतभर आणि एकदा हातभर अंतरावर ठेवून मोजलं, दोन्ही वेळा 62 आलं. दोन्ही डोळे उघडे ठेवून आरशातल्या स्वतःच्या नाकाकडे बघत मोजाल, तर तुम्ही म्हणता तसा आकडा घसरेल. तुमच्याकडे प्युपिलोमीटर असेलच. कुणा पोराची पीडी त्यावर घ्या, मग आरशापुढे घ्या आणि पडताळून बघा.

आता माझी चूक. ज्यांना आरशात पट्टी दिसत नाही त्यांनी घरच्या कुणाला तरी समोर बसवून मोजून घ्यावं, असं मी लिहिलं होतं, आणि पुढे "मोजणाऱ्याच्या नाकाकडे बघा" असंही. हे वाक्य साफ चुकलं. हातभर अंतरावरच्या नाकाकडे पाहताना दोन्ही डोळे आत वळणारच. शिवाय मोजणारा एकाच डोळ्यानं दोन्ही बाहुल्या पाहत असेल, तर पट्टीवरची त्याची नजर एका टोकाला तिरकी पडते. 64 पीडीच्या माणसाचे साठच भरतील. वाचायच्या चष्म्याला तो आकडा चालेल, कायम घालायच्या चष्म्याला नाही. ते वाक्य आज बदलते आहे.

योग्य रीत अशी. मोजणाऱ्यानं समोर, डोळ्याला डोळा येईल अशा उंचीवर, साधारण चाळीस सेंटिमीटरवर बसायचं. आपला उजवा डोळा मिटायचा, डावा उघडा ठेवायचा. ज्याची पीडी मोजायची त्यानं त्या डाव्या डोळ्याकडे बघायचं, कारण तोच त्याच्या उजव्या डोळ्यासमोर येतो. पट्टीवरची खूण उजव्या बाहुलीवर लावायची. मग पट्टी न हलवता मोजणाऱ्यानं डावा मिटून उजवा उघडायचा, समोरच्यानं आता त्याकडे बघायचं आणि डाव्या बाहुलीवरचा आकडा वाचायचा. दोघांच्या पीडीत दोन-चार मिलिमीटरचा फरक असला तरी चूक अर्ध्या मिलिमीटरच्या आतच राहते.

दोन बारकाव्यांवर बहुतेक लोक अडकतात. एक, आपल्याकडे बुबुळं इतकी काळी की त्यात बाहुली शोधायची म्हणजे अमावास्येला काळी म्हैस शोधण्यातला प्रकार. बाहुलीचा नाद सोडून बुबुळाची कड धरा: उजव्या बुबुळाची कानाकडची कड आणि डाव्या बुबुळाची नाकाकडची कड. दोन्ही बुबुळं सारख्या मापाची असतात, त्यामुळे या दोन कडांमधलं अंतर म्हणजेच बाहुल्यांच्या मध्यांमधलं अंतर. खिडकीकडे तोंड करून बसलं की कड स्वच्छ दिसते. दोन, कंपासपेटीतल्या पट्टीचं शून्य झिजलेलं असतं, शिवाय त्याआधी कोरी जागा असते. म्हणून शून्याऐवजी 1 सेंटिमीटरच्या रेघेवर कड लावायची आणि शेवटी दहा मिलिमीटर वजा करायचे. तीनदा मोजा. 63, 64, 64 आलं तर 64 धरा. 61, 64, 66 असं आलं तर डोकं किंवा पट्टी हलतेय, तो आकडा वापरू नका.

आरसा कुणाकुणाच्या कामाचा नाही, हेही मी मागे सांगितलं नव्हतं. आरसा वीस सेंटिमीटरवर असला तर पट्टीचं प्रतिबिंब डोळ्यापासून चाळीसवर असतं. मायनस अडीचपर्यंत नंबर असलेल्याला ते चष्म्याविना वाचता येतं. मायनस साडेपाचवाल्याला अठरा सेंटिमीटरच्या पलीकडचं सगळं धूसर, त्याला आरसा नऊ सेंटिमीटरवर आणावा लागेल, जवळजवळ नाक टेकवून. चाळिशी लागलेल्यांची अडचण उलटी, त्यांना वाचायच्या चष्म्याविना त्या बारीक रेघा दिसत नाहीत. म्हणजे ज्यांना पीडी अचूक हवी असते, त्या जाड नंबरवाल्यांनाच आरसा दगा देतो. त्यांनी समोर माणूस बसवावा.

याची गोष्ट आमच्याच घरातली. माझा भाचा इथे अमळनेरलाच खोली घेऊन शिकतो. उजव्याला मायनस साडेपाच, डाव्याला मायनस पावणेपाच. डोळे तपासून आला होता, पण कागदावर पीडी नव्हती. दुकानात मागितली तर "चष्मा आमच्याकडे करा, मग सांगू" असं उत्तर मिळालं. (भाऊ, तुम्ही असं म्हणत नसाल, पण म्हणणारे आहेत.) मग त्यानं कपाळावर एटीएम कार्ड धरून सेल्फी काढली. कार्ड 85.6 मिलिमीटर रुंद असतं, त्या हिशोबानं फोटोवरून 59 आकडा काढला आणि ऑनलाइन चष्मा मागवला. कळण्याच्या भाकरीचा आणि भरिताचा बेत होता त्या रविवारी तो नवा चष्मा घालून आला, आणि जेवताना दोनदा काढून डोळे चोळले. "आत्या, डोकं दुखस मन्हं. पाटीवरलं वाचालेबी जीव नको."

मी वर सांगितलेल्या रीतीनं मोजलं तर तिन्ही वेळा 64. पाच मिलिमीटर गेले कुठे? मोबाइल फूटभर अंतरावर होता, त्याकडे पाहताना डोळे आत वळले आणि बाहुल्यांमधलं अंतर दोनेक मिलिमीटरनं खरोखरच कमी झालं. कपाळावरचं कार्ड बाहुल्यांपेक्षा सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटर पुढे होतं. पुढची वस्तू फोटोत मोठी दिसते, म्हणून कार्डाच्या मापानं बाहुल्यांमधलं अंतर आणखी अडीचेक मिलिमीटरनं कमी भरलं. दोन्ही चुका एकाच दिशेच्या, एकमेकींना खोडत नाहीत.

त्याच्या काचांमध्ये त्यामुळे काय झालं ते बघा. काचेचा मध्य बाहुलीसमोर नसला की ती काच थोडी प्रिझमसारखी वागते. हिशोब सोपा आहे: मध्य किती सेंटिमीटरनं सरकला, गुणिले नंबर. प्रत्येक काचेचा मध्य अडीच मिलिमीटर, म्हणजे पाव सेंटिमीटर आत सरकला होता. उजवीकडे 0.25 गुणिले 5.5 म्हणजे सुमारे 1.4. डावीकडे 0.25 गुणिले 4.75 म्हणजे सुमारे 1.2. एकूण अडीच प्रिझम झालं. एक प्रिझम म्हणजे मीटरभर अंतरावर एक सेंटिमीटरचा सरक. चार मीटरवरच्या भिंतीवर त्याच्या दोन डोळ्यांची चित्रं एकमेकांपासून दहा सेंटिमीटर सरकणार आणि ती जुळवायला डोळे दिवसभर आत ओढलेले राहणार. हीच चूक एक नंबरवाल्याकडून झाली असती तर अर्धंच प्रिझम आलं असतं आणि बहुधा त्याला कळलंही नसतं. मायनसच्या काचांत पीडी कमीऐवजी जास्त टाकली असती तर डोळ्यांना बाहेर वळावं लागलं असतं, आणि ते त्यांना याहून कठीण जातं.

चष्मा मागवलेल्या मापाचाच बनला आहे का, हे घरी तपासता येतं. हातभर लांब, सरळ धरून एका काचेतून दाराच्या चौकटीची उभी कड पाहायची. काचेच्या आतली कड आणि बाहेरची कड एका रेषेत येईपर्यंत चष्मा डावीकडे-उजवीकडे सरकवायचा. जुळली की तिथे मार्करनं बारीक ठिपका. दुसऱ्या काचेवर तसंच. दोन ठिपक्यांमधलं अंतर म्हणजे चष्म्याची पीडी. भाच्याच्या चष्म्यावर ते 59 भरलं. म्हणजे बनवणाऱ्यानं सांगितलं तसंच बनवलं होतं, दोष आमच्या आकड्याचा. (सिलिंडर नंबर मोठा आणि तिरक्या अक्षाचा असेल तर कड काचेत कलते, तेव्हा या खेळावर भरवसा ठेवू नका.) पुढचा चष्मा 64 नं केला आणि डोकं थांबलं.

लांबचा आणि जवळचा नंबर एकाच काचेत असलेल्या प्रोग्रेसिव्ह काचांच्या बाबतीत मात्र मी तुमच्या बाजूची. तिथे नाकाच्या मध्यापासून प्रत्येक डोळ्याचं अंतर वेगळं लागतं, कारण 64 म्हणजे 32 आणि 32 असेलच असं नाही, 33 आणि 31 असतात कितीतरी जणांचे. वर, निवडलेली फ्रेम चेहऱ्यावर चढवून बाहुलीची उंची घ्यावी लागते, आणि ती फ्रेम कुरिअरमधून यायची असेल तर उंची घेणार कशी? त्यासाठी तुमच्याच काउंटरवर यायला हवं, हे लेखात आता ठळक टाकते. तुमच्याकडून एवढंच हवंय: नंबरच्या कागदावर शेवटी पीडीची एक ओळ. ती आधीच मिळाली असती तर भाच्यानं कपाळावर एटीएम कार्ड धरलंच नसतं.